एज्युकेशनल सायकॉलॉजीच्या कोर्ससाठी अॅनोटेटेड बिब्लिओग्राफी कशी लिहायची: एक एन्ट्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत

असाइनमेंटच्या शीटवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं की इतके सोर्स निवडा, प्रत्येकाचा थोडक्यात सारांश द्या आणि मूल्यमापन करा. सारांश जमतो सगळ्यांना, पण मूल्यमापन म्हणजे नेमकं काय लिहायचं तेच कळत नाही, मग "हा पेपर खूप उपयुक्त आहे पण सॅम्पल लहान आहे" असं एक वाक्य प्रत्येक एन्ट्रीच्या शेवटी चिकटवलं जातं. मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा माझ्या सहाही एन्ट्रीजच्या शेवटी थोड्याफार फरकाने हेच होतं, आणि पेपर परत आला तेव्हा मॅडमनी कडेला लिहिलं होतं, "हे तू मेथड न वाचता लिहिलं आहेस." ते खरं होतं. त्यानंतर मी जी पद्धत धरली ती इथे एकाच विषयावर करून दाखवतेय. विषय घेतलाय टेस्टिंग इफेक्ट, म्हणजे पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून लिहिल्याने जास्त काळ लक्षात राहतं का, कारण या कोर्समध्ये तो येतोच आणि त्यावरचे पेपर नवख्या माणसालाही वाचता येतात.

पहिली पायरी: विषय नाही, प्रश्न

"टेस्टिंग इफेक्ट" हा विषय झाला, त्यावर मूल्यमापन करताच येत नाही, कारण एखादा सोर्स चांगला की कमी पडणारा हे कशासाठी यावर ठरतं. म्हणून आधी एका वाक्यात प्रश्न लिहून काढा आणि तो फाइलच्या वरच ठेवा. माझा प्रश्न असा धरू: शाळेच्या वर्गात शिकवून झाल्यावर छोट्या टेस्ट घेतल्या तर काही आठवड्यांनंतरही मुलांच्या लक्षात जास्त राहतं का? यात तीन गोष्टी पक्क्या झाल्या, शाळेचा वर्ग, छोट्या टेस्ट आणि काही आठवड्यांचा काळ. आता प्रत्येक पेपर या तिघांना लावून बघायचा. कॉलेजच्या मुलांवर लॅबमध्ये केलेला प्रयोग असेल तर तो यातल्या पहिल्या गोष्टीला कमी पडतो, तो वाईट आहे म्हणून नाही तर माझा प्रश्न वेगळ्या जागेबद्दल आहे म्हणून. एवढं जरी डोक्यात बसलं तरी अर्धं मूल्यमापन आपोआप सुचतं.

दुसरी पायरी: सोर्स वेगवेगळ्या जातीचे घ्या

गुगल स्कॉलर किंवा एरिक हा शिक्षणविषयक पेपरांचा डेटाबेस उघडून शोधताना सगळे जण वर दिसणारे पहिले पाच पेपर उचलतात, मग पाचही एकाच पद्धतीचे निघतात आणि एकमेकांबद्दल बोलायला काही उरत नाही. शोधायला हे टाइप करा:

```
"testing effect" classroom
"testing effect" complex materials
"retrieval practice" meta-analysis
```

वेगवेगळे सर्च केले कारण मला वेगवेगळ्या जातीचे पेपर हवेत. एक मूळ लॅबमधला प्रयोग, एक खऱ्या वर्गातला, आणि एक असा जो म्हणतो की हे सगळीकडे लागू होत नाही. जमलं तर चौथा मेटा-अॅनालिसिस, म्हणजे आधीच्या खूप प्रयोगांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष. तिसऱ्या जातीचा पेपर तर सोडूच नका, विरोधी सोर्स नसला की बाकीच्या एन्ट्रीजमध्ये "मर्यादा" या नावाखाली काय लिहायचं हेच सुचत नाही, आणि तो असला की त्यानेच तुम्हाला दाखवून दिलेलं असतं की कुठे बोट ठेवायचं.

माझ्या यादीत मग हे आले: रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा लॅबमधला पेपर, मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांचा २०११ चा आठवीच्या सायन्स वर्गातला पेपर, व्हॅन गॉग आणि स्वेलर यांचा २०१५ चा टीका करणारा रिव्ह्यू, आणि त्याला कार्पिकी आणि ऑ यांनी त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये दिलेलं उत्तर. पहिल्यावर जरा जास्त वेळ थांबू, बाकीचे त्याच रीतीने होतात.

तिसरी पायरी: अॅब्स्ट्रॅक्ट बाजूला ठेवून मेथड वाचा

अॅब्स्ट्रॅक्ट वाचा, पण निवडण्यासाठी वाचा, लिहिताना मात्र ती टॅब बंद करा. अॅब्स्ट्रॅक्ट समोर असलं की हात आपोआप त्याचीच वाक्यं उलटीसुलटी करून उतरवतो आणि सारांश लेखकांचा होतो, तुमचा राहत नाही. मेथडचा भाग उघडा आणि पाच प्रश्नांची उत्तरं तुटक शब्दांत लिहा: कोणावर केलं, काय करायला लावलं, कशाशी तुलना केली, किती वेळाने तपासलं, आणि तपासलं कसं.

रोडिगर आणि कार्पिकींच्या पहिल्या प्रयोगासाठी माझी टिपणं अशी होती. कोणावर: कॉलेजचे १२० विद्यार्थी. काय: दोन छोटे माहितीपर उतारे, एक सूर्यावर आणि एक समुद्री ऑटर या प्राण्यावर, ७ मिनिटं वाचायचे, मग एक उतारा परत ७ मिनिटं वाचायचा आणि दुसरा ७ मिनिटांत न बघता जेवढा आठवतो तेवढा लिहायचा. तुलना: पुन्हा वाचणं विरुद्ध आठवून लिहिणं, दोन्हीला वेळ सारखाच. किती वेळाने: काहींना ५ मिनिटांनी, काहींना २ दिवसांनी, काहींना आठवड्याने. कसं: परत आठवून लिहायला लावलं, आणि मधल्या टेस्टनंतर बरोबर काय चूक काय ते कोणाला सांगितलं नाही.

या शेवटच्या ओळीतच निम्मं मूल्यमापन दडलंय, तिकडे पुढे येते.

मग रिझल्ट्समधून फक्त तो आकडा उचला जो तुमच्या प्रश्नाला लागतो. इथे दोन जोड्या पुरतात. ५ मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा ८१ टक्के आठवला आणि आठवून लिहिलेला ७५ टक्के, म्हणजे वाचणाऱ्यांचीच सरशी. आठवड्याने तपासलं तेव्हा ४२ विरुद्ध ५६, म्हणजे चित्र पूर्ण उलटं. ही उलटापालट हाच या पेपरचा गाभा आहे, आणि "टेस्ट दिल्याने लक्षात राहतं" एवढंच लिहिणाऱ्याने ती पाहिलेलीच नसते, कारण लगेच तपासलं तर हे वाक्य चुकीचं ठरतं.

चौथी पायरी: सायटेशनची ओळ

हे पटकन उरकण्यासारखं काम आहे पण चुका इथेच जास्त होतात. एपीएच्या सातव्या आवृत्तीत ती ओळ अशी दिसते:

```
Roediger, H. L., III, & Karpicke, J. D. (2006).
Test-enhanced learning: Taking memory tests
improves long-term retention. Psychological
Science, 17(3), 249–255.
https://doi.org/10.1111/j.1467-9280.2006.01693.x
```

जर्नलचं नाव आणि व्हॉल्यूम नंबर इटॅलिक, कंसातला इश्यू नंबर साधा, पेपरच्या नावात फक्त पहिला शब्द आणि कोलननंतरचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. दुसऱ्या ओळीपासून पुढचं सगळं अर्धा इंच आत, आणि अॅनोटेशन नवीन पॅराग्राफमध्ये, तोही पूर्ण अर्धा इंच आत. सॉफ्टवेअरने काढलेली सायटेशन डोळे झाकून पेस्ट करू नका, मी बघितलेल्या जवळपास प्रत्येक फाइलमध्ये पेपरचं नाव सगळ्या शब्दांना मोठी अक्षरं लावून आलेलं असतं.

पाचवी पायरी: कच्चा मसुदा आणि त्यात काय चुकतं

आता ज्युनिअर्सच्या वह्यांमध्ये मला सारखा दिसणारा मसुदा बघा, शब्द माझे आहेत पण साचा ओळखीचा वाटेल:

"या पेपरमध्ये लेखकांनी टेस्टिंग इफेक्टचा सखोल अभ्यास केला आहे. टेस्ट दिल्याने विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती सुधारते असं त्यांना आढळलं. हा पेपर प्रतिष्ठित जर्नलमध्ये छापलेला असून शिक्षकांसाठी अत्यंत उपयुक्त आहे. मात्र सॅम्पल लहान असल्यामुळे निष्कर्ष सर्वांना लागू होणार नाहीत."

पहिल्या वाक्यात काहीच माहिती नाही, सखोल अभ्यास केला म्हणजे नक्की काय केलं ते नाही. दुसऱ्यात वेळेचा उल्लेखच नाही, आणि वर पाहिलं तसं वेळ काढली की वाक्य खोटं होतं. शिवाय "स्मरणशक्ती" सुधारली असं पेपर म्हणतच नाही, त्या ठराविक उताऱ्यातलं जास्त आठवलं एवढंच म्हणतो, आणि सायकॉलॉजीच्या कोर्समध्ये या दोन गोष्टींमधला फरक तपासणाऱ्याच्या डोळ्यात लगेच खुपतो. तिसरं वाक्य जर्नलबद्दल आहे, पेपरबद्दल नाही. चौथं तर सरळ चुकीचं आहे, पहिल्या प्रयोगात १२० आणि दुसऱ्यात १८० विद्यार्थी होते आणि पहिल्यात प्रत्येकाने दोन्ही पद्धती वापरल्या होत्या, अशा डिझाइनला हा आकडा लहान म्हणत नाहीत. सॅम्पल लहान आहे हे लिहायची सवय इतकी हाडात मुरलेली असते की आकडा बघायचंच राहून जातं.

सहावी पायरी: मूल्यमापन मेथडमधूनच काढा

माझा नियम असा आहे की मूल्यमापनाचं प्रत्येक वाक्य त्या पाच टिपणांपैकी एकाला धरून असलं पाहिजे. टिपण हातात घ्या आणि दोनच गोष्टी विचारा, यामुळे माझा विश्वास वाढतो का, आणि यामुळे माझ्या प्रश्नापर्यंत पोचायला कुठे अडतं.

तुलनेचं टिपण घ्या. दोन्ही पद्धतींना ७ मिनिटंच होती, म्हणजे टेस्टवाल्यांनी जास्त अभ्यास केला म्हणून फरक पडला असं कोणी म्हणू शकत नाही. उलट आठवून लिहिणाऱ्यांना मजकूर परत दिसलाच नाही, जे विसरले ते विसरलेच, कोणी दुरुस्तही करून दिलं नाही, आणि तरीही आठवड्याने ते पुढे होते. हा या पेपरचा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे आणि तो अॅब्स्ट्रॅक्टमधून असा उचलून मिळत नाही, मेथड वाचल्यावरच लक्षात येतो.

आता "तपासलं कसं" हे टिपण. सराव आठवून लिहिण्याचा आणि शेवटची परीक्षाही आठवून लिहिण्याचीच. मग आठवड्याने जे जास्त आलं ते समजून वापरता येण्यासारखं होतं का, नवीन प्रश्न विचारला असता तर काय झालं असतं, हे या प्रयोगातून कळत नाही. वर्गात आपण मुलांना तेच वाक्य परत लिहायला लावत नाही, त्यामुळे ही मर्यादा माझ्या प्रश्नाला थेट भिडते.

आणि "कोणावर" हे टिपण शेवटी आणि थोडक्यात. कॉलेजचे विद्यार्थी, लॅब, दोन सलग माहितीचे उतारे, जास्तीत जास्त एक आठवडा. "कॉलेजचे विद्यार्थी होते म्हणून लागू नाही" इथे थांबू नका, काय वेगळं होईल ते सांगा. माझ्या प्रश्नात लहान मुलं आहेत, त्यांना मोकळं आठवून लिहायला लावलं तर सुरुवातीलाच फार कमी आठवण्याची शक्यता आहे, आणि ज्या गोष्टी आठवल्याच नाहीत त्यांचा सराव होत नाही. म्हणून शाळेत टेस्टनंतर बरोबर उत्तर सांगणं महत्त्वाचं ठरू शकतं, जे या प्रयोगात नव्हतं.

सगळं जोडून झालेली एन्ट्री अशी:

"रोडिगर आणि कार्पिकी यांनी तपासलं की माहितीपर उतारा पुन्हा वाचणं आणि न बघता आठवून लिहिणं यांपैकी कशाने तो जास्त काळ लक्षात राहतो. पहिल्या प्रयोगात १२० कॉलेज विद्यार्थ्यांनी दोन्ही पद्धती सारख्याच वेळात वापरल्या. ५ मिनिटांनी पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ विरुद्ध ७५ टक्के, पण आठवड्याने आठवून लिहिलेलं पुढे गेलं, ५६ विरुद्ध ४२ टक्के. वेळ सारखा ठेवल्यामुळे आणि टेस्टनंतर काहीच दुरुस्त करून न दिल्यामुळे हा फरक जादा अभ्यासाचा नाही असं ठामपणे म्हणता येतं. मात्र सराव आणि अंतिम परीक्षा एकाच प्रकारची असल्याने समजलेलं नव्या प्रश्नात वापरता येतं का हे कळत नाही, आणि आठवड्यापुढचा काळ तपासलेला नाही. माझ्या प्रश्नासाठी हा पेपर परिणाम खरा आहे हे दाखवतो, तो वर्गात टिकतो का यासाठी मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांचा पेपर लागतो."

सहा वाक्यं. तीन सारांशाची, एक बळाचं, एक मर्यादेचं, एक माझ्या प्रश्नाशी जोडणारं. हे प्रमाण दगडावरची रेघ नाही, मेटा-अॅनालिसिस असेल तर सारांश लांबतो, पण शेवटचं वाक्य मी कधीच सोडत नाही.

सातवी पायरी: दुसरी एन्ट्री पहिलीच्या शेजारी ठेवून लिहा

मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांनी आठवीच्या खऱ्या सायन्स वर्गात काम केलं. धड्यातल्या काही भागावर क्लिकरने, म्हणजे बटण दाबून उत्तर द्यायच्या हातातल्या यंत्राने, छोट्या क्विझ घेतल्या आणि काही भागावर घेतल्याच नाहीत, मग युनिटच्या परीक्षेत दोन्ही भागांचे मार्क पाहिले. क्विझ घेतलेल्या भागाचे मार्क चांगले आले, फायदा वर्षअखेरच्या परीक्षेपर्यंत दिसला, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या उजळणीच्या क्विझने सगळ्यात जास्त फरक पडला, तर शिकवण्याआधी घेतलेल्या क्विझचा उपयोग दिसला नाही. माझ्या प्रश्नाच्या तिन्ही गोष्टी इथे आहेत, म्हणून पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं की हाच सगळ्यात चांगला सोर्स.

आता तेच तुलनेचं टिपण काढा. क्विझ झालेला भाग विरुद्ध क्विझ न झालेला भाग, म्हणजे न झालेल्या भागाकडे मुलांनी तेवढ्या वेळात दुसरं काहीच केलेलं नाही. मग फायदा आठवण्याचा की नुसता तो मजकूर आणखी एकदा समोर आल्याचा? रोडिगर आणि कार्पिकींनी जी वाट बंद केली होती ती इथे उघडी आहे. म्हणजे एक पेपर कारण नीट वेगळं काढतो पण वर्गापासून लांब आहे, दुसरा वर्गात आहे पण कारण तितकं वेगळं निघत नाही, आणि हे वाक्य दुसऱ्या एन्ट्रीत लिहिलंत की मॅडमच काय कोणालाही दिसतं की तुम्ही दोन्ही वाचलेत.

विरोधी पेपर कसा हाताळायचा

व्हॅन गॉग आणि स्वेलर म्हणतात की शिकायचा मजकूर जसजसा गुंतागुंतीचा होतो, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या गोष्टी एकदम डोक्यात धराव्या लागतात, तसतसा टेस्टिंग इफेक्ट कमी होतो किंवा दिसेनासाच होतो. ही एन्ट्री लिहिताना नवखे दोन टोकांना जातात, एक तर "यांनी आधीचे पेपर खोटे ठरवले" असं लिहितात, नाही तर विरोधी आहे म्हणून दोन ओळींत गुंडाळतात. दोन्ही टाळा. यांनी आधीचे निकाल खोटे म्हटलेले नाहीत, त्यांची हद्द कुठे संपते असा दावा केलाय, आणि समुद्री ऑटरवरचा उतारा त्या हद्दीच्या कोणत्या बाजूला पडतो हा तुमचा विचार करायचा मुद्दा आहे.

मग कार्पिकी आणि ऑ यांचं उत्तर वाचा. ते म्हणतात की गुंतागुंत किती हे टीकाकारांनी मोजलंच नाही, आणि अवघड मजकुरावर परिणाम दिसलेले आधीचे पेपर त्यांनी विचारात घेतले नाहीत. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी, की कार्पिकी हे मूळ प्रयोगाचेही लेखक आहेत, म्हणजे स्वतःच्या कामाची बाजू मांडतायत. त्यामुळे त्यांचं म्हणणं चूक ठरत नाही, पण "तटस्थ रिव्ह्यू" असं चुकूनही लिहू नका. मी एन्ट्रीत असं लिहिलं होतं: "मोजमापाबद्दलचा आक्षेप पटतो, कारण गुंतागुंत मोजल्याशिवाय ती वाढल्याने परिणाम घटला असं म्हणता येत नाही, पण गणितासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या विषयात वर्गात काय होतं याचं उत्तर या दोघांच्या वादात मिळत नाही."

शेवटची तपासणी, दहा मिनिटांची

प्रत्येक एन्ट्रीतलं मूल्यमापनाचं वाक्य उचला आणि मनातल्या मनात दुसऱ्या एन्ट्रीखाली ठेवून बघा. तिथेही ते तसंच बसत असेल तर ते कुठल्याच पेपरबद्दल नाही, काढून टाका आणि टिपणांकडे परत जा. "कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुरतं मर्यादित" हे अर्ध्या सायकॉलॉजीखाली बसतं, "सराव आणि परीक्षा एकाच प्रकारची" हे मॅकडॅनियलच्या एन्ट्रीखाली तसंच्या तसं चिकटवायचं तर त्यांनी क्विझमधलेच प्रश्न परीक्षेत दिले होते का ते आधी उघडून बघावं लागतं, आणि तेच तर करायचंय.

त्यानंतर सारांशातला प्रत्येक आकडा पेपर उघडून त्याच्या टेबलशी किंवा ग्राफशी जुळवा. ८१ आणि ७५ ची अदलाबदल झाली तर एन्ट्रीचा अर्थच उलटा होतो आणि वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो. मग लेखकांच्या आडनावांप्रमाणे अल्फाबेटिकल क्रम लावा. विरोधी पेपर आणि त्याचं उत्तर यामुळे यादीत लांब लांब पडतात, एक के मध्ये आणि एक व्ही मध्ये, म्हणून दोन्ही एन्ट्रीजच्या शेवटच्या वाक्यात एकमेकांचं नाव आणि वर्ष लिहून ठेवा, म्हणजे वाचणारा एकीवरून दुसरीकडे जाऊ शकेल.